एक चकती, दोन नावं

साडेतीन वर्षांच्या मुलापुढे पुठ्ठ्याच्या बारा गोल चकत्या ठेवा. सहा लाल, सहा निळ्या. आणि दोन्ही रंगांत तीन मोठ्या, तीन लहान. मग सांगा, "सारख्या सारख्या एकत्र ठेव बरं." सुरुवात बहुधा झकास होते. लालशेजारी लाल, तिच्याशेजारी आणखी एक लाल. ही तिसरी नेमकी लहान निघाली, तर चौथी येते ती लहान निळी, कारण आता डोळ्यांत लहानपण भरलेलं असतं. मग निळीशेजारी निळी. दोन मिनिटांत त्या रांगेची आगगाडी झालेली असते आणि उरलेल्या चकत्या तिची चाकं.

मोठ्यांना वाटतं, पोर खेळात वाहवलं. पण जाँ पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी वस्तू लावणाऱ्या मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं, तेव्हा या आगगाड्या आणि घरं त्यांना वारंवार दिसली. मुलाला सारखेपणा कळतो, पण शेजारच्या दोन वस्तूंपुरताच. पुढच्या जोडीला तो नवा सारखेपणा शोधतो. सगळ्या ढिगाला एकच नियम लावायचा आणि शेवटच्या चकतीपर्यंत तो सोडायचा नाही, हे अजून जमलेलं नसतं.

म्हणून पहिली पायरी म्हणजे एकच गुणधर्म, आणि बाकी सगळं सारखं. माँटेसरींच्या गुलाबी मनोऱ्यात हीच युक्ती आहे. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा घन, पण रंग एकच. फरक फक्त आकारमानात, त्यामुळे लक्ष दुसरीकडे जायला वावच नाही. आपल्या चकत्यांमधून आधी फक्त मोठ्या सहा घ्याव्यात. दोन ताटल्या मांडून एकीत लाल, दुसरीत निळी आपणच ठेवावी आणि पुढची चकती मुलाच्या हाती द्यावी. "लाल कुठली?" असं विचारण्यापेक्षा "ही कुणाच्या घरी जाईल?" हे बरं, कारण पुष्कळ मुलांना रंग जुळवता येतो पण त्याचं नाव पटकन आठवत नाही. आपल्याला तपासायचंय ते जुळवणं.

घरच्या वस्तू घेताना एक गफलत हमखास होते. बाटल्यांची झाकणं घेतली आणि त्यांतली लाल झाकणं सगळी मोठी, निळी सगळी लहान निघाली, तर मुलाने केलेले दोन ढीग बिनचूक दिसतात. पण ते रंगाने केले की आकाराने, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दोन्ही रंगांत दोन्ही आकार हवेत, ते यासाठी.

खरी मजा नियम बदलताना येते. कॅनडातल्या फिलिप झेलाझो यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी पत्त्यांचा साधा खेळ वापरला. समोर दोन पत्ते मांडलेले, निळा ससा आणि लाल होडी. मुलाच्या हाती येतात ते लाल ससे आणि निळ्या होड्या. आधी रंगाने लावायचं, म्हणजे लाल ससा लाल होडीखाली. तीन वर्षांची मुलं हे सहज करतात. मग सांगायचं, आता रंगाचा खेळ संपला, आता चित्राचा. यापुढे बहुतेक तीन वर्षांची मुलं पत्ते रंगानेच लावत राहतात. "चित्राच्या खेळात ससा कुठे जातो?" असं विचारलं तर सशाकडे बरोबर बोट दाखवतात, आणि पुढचा लाल ससा पुन्हा होडीखालीच सरकवतात! पाच वर्षांच्या बहुतेकांना हा बदल जमतो.

याला हट्ट म्हणावं असं मोठ्यांना वाटेल, पण तो हट्ट नव्हे. कारण पत्त्यावर बिनरंगाचा ससा आणि शेजारी रंगाचा वेगळा ठिपका असं काढलं, की त्याच वयाच्या मुलांना नियम बदलणं पुष्कळ सोपं जातं. अडचण आहे ती एकाच वस्तूकडे दोन नजरांनी पाहण्याची. आत्ता जी "लाल" होती तीच आता "ससा" आहे, हे मान्य करणं जड जातं. तेव्हा घरी नियम बदलताना ताटल्या उचलाव्यात, चकत्या पुन्हा मिसळाव्यात आणि नव्या ताटल्या मांडाव्यात. रंगाच्या ढिगांवरूनच "आता आकाराने लाव" म्हणणं म्हणजे मुलाला मुद्दाम अडकवणं आहे.

आळीपाळीने रंग आणि आकार जमू लागले की दोन्ही एकदम. फरशीवर खडूने चार घरांचा चौकोन आखावा, दोन घरं वर, दोन खाली. वरच्या ओळीत लाल, खालच्या ओळीत निळ्या. डावीकडे मोठ्या, उजवीकडे लहान. इथे एक फसवं यश मिळतं. मूल चार घरांत चार ढीग नीट करतं आणि आपण टाळ्या वाजवतो. पण त्याने चार वेगवेगळे नमुने नुसते ओळखून जुळवलेले असू शकतात. वरचं-खालचं आणि डावं-उजवं यांचा एकमेकांशी संबंध त्याला लागलाच असेल असं नाही. तो लागला की नाही, हे कळायला एक घर सुरुवातीपासून रिकामं ठेवावं. तीन घरं आपण भरायची आणि चौथ्यासाठी सगळ्या प्रकारच्या चकत्या पुढे करायच्या. नुसता रंग पाहणारं मूल खालच्या उजव्या घरात निळी पण मोठी चकती ठेवतं. संबंध लागलेलं मूल लहान निळी उचलतं. मग विचारावं, "हीच का?" "ती निळ्यांच्या ओळीत आहे आणि लहानांच्या खाली आहे" अशा अर्थाचं काही ते बोललं, तर काम फत्ते.

आता याच्यातून क्रम कसा निघतो? मुलाने मोठ्या आणि लहान असे दोन गट केले, की मधल्या मापाची एक चकती त्याच्या हाती द्यावी. सात सेंटिमीटरच्या आणि चार सेंटिमीटरच्या चकत्यांत साडेपाचची. रंगाच्या बाबतीत असा पेच सहसा पडत नाही, लाल ती लालच. पण "मोठं" हे शेजारी कोण आहे त्यावर ठरतं. मूल ती मधली चकती मोठ्यांत टाकून पाहतं, ती तिथे लहान दिसते. लहानांत टाकतं, तर तिथे मोठी. काही मुलं तिला दोन ढिगांच्या मधोमध ठेवतात. क्रम लावण्याची सुरुवात तिथे झालेली असते. तिच्या डोक्यावर एकाच वेळी दोन नावं आहेत, हिच्यापेक्षा मोठी आणि तिच्यापेक्षा लहान. चौकोनातली चकती लालही होती आणि मोठीही. तीच कसरत इथे वेगळ्या रूपात पुन्हा करावी लागते.

पियाजेंनी दहा काठ्यांचं काम दिलं. लांबीतला फरक एक सेंटिमीटरहूनही कमी, म्हणजे शेजारी धरल्याशिवाय कळू नये असा. धाकटी मुलं एक लांब-एक आखूड अशा जोड्या लावतात. काही जण काठ्यांची वरची टोकं जिन्यासारखी चढत नेतात, पण खालची टोकं जमिनीला टेकलेली नाहीत हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. त्यापुढची मुलं चुकतमाकत, मागेपुढे करत रांग पुरी करतात. सातेक वर्षांची मुलं उरलेल्यांतली सगळ्यात आखूड शोधतात, ठेवतात, पुन्हा उरलेल्यांतली आखूड शोधतात.

चुकतमाकत लावणारं मूल आणि पद्धतीने लावणारं मूल, दोघांची रांग शेवटी सारखीच दिसते. फरक पाहायचा तर रांग पुरी झाल्यावर मागे लपवलेली एक काठी बाहेर काढावी आणि तिला जागा कर म्हणून सांगावं. पहिलं मूल गोंधळून ती टोकाला लावतं, किंवा सगळी रांग मोडून नव्याने सुरुवात करतं. दुसरं काठी रांगेवरून सरकवत नेतं, एका बाजूची आखूड आणि दुसऱ्या बाजूची लांब अशी फट सापडली की थांबतं आणि पुढच्या काठ्या बोटाने जरा पलीकडे ढकलतं.