चुकीचं ऐकूनही अचूक सापडतं

पुस्तकाच्या शेवटी सूची असते. 'शिवनेरी' हा शब्द शोधला की पान क्रमांक मिळतो, कारण कुणीतरी ते पुस्तक आपल्याआधी ओळ न् ओळ वाचलेलं असतं. रेडिओ कार्यक्रमाचं तसं नाही. ध्वनिमुद्रण चाळता येत नाही, ते ऐकावंच लागतं, आणि अर्ध्या तासाचा कार्यक्रम अर्धा तास घेतोच.

बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसच्या संशोधकांपुढे 2012च्या सुमारास हाच प्रश्न होता. त्यांच्याकडे साडेचार दशकांचे सुमारे 50,000 इंग्रजी कार्यक्रम होते. अनेकांबद्दल शीर्षक आणि प्रसारणाची तारीख यापलीकडे फारसं काही लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक कार्यक्रम अर्ध्या तासाचा धरला तरी 25,000 तास होतात. न झोपता ऐकत बसलं तर जवळपास तीन वर्षं!

मग ऐकायचं काम यंत्राला दिलं. बोललेलं टिपून घेणारी 'सीएमयू स्फिंक्स' नावाची मुक्त प्रणाली त्यांनी वापरली. पण तिचे कान मुख्यतः अमेरिकी बातम्यांवर तयार झालेले, आणि या संग्रहात तर जगभरच्या उच्चारांचं इंग्रजी. त्यात फोनवरून आलेले खरखरीत आवाज, मध्येच वाजणारं संगीत. यंत्राला गप्प बसणं जमत नाही. सनईच्या सुरातही ते शब्द 'ऐकतं' आणि लिहून मोकळं होतं. ओळखीचे शब्द त्याच्या कोशात मोजकेच असतात, म्हणून 'कुलकर्णी' असं नाव आलं, की ते त्याच्याशी ध्वनीनं जुळणारे दोन-तीन इंग्रजी शब्द ठोकून देतं. हाती आलेला मजकूर वाचवत नाही, इतका विस्कटलेला असतो.

आणि तरी त्यातून विषय सापडतो. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत अद्भुत वाटतं ते हेच.

समजा, अशा गोंधळलेल्या मजकुरात 'पॅरिस' आलं. ही फ्रान्सची राजधानी, की अमेरिकेतल्या टेक्ससमधलं त्याच नावाचं गाव, की ग्रीक पुराणातला राजपुत्र? यंत्र एकट्या शब्दावर निर्णय घेत नाही. विकिपीडियातून काढलेल्या 'डीबीपीडिया' या कोशात प्रत्येक नोंद कोणकोणत्या वर्गांत बसते, ते ठरलेलं असतं. यंत्र मजकुरातल्या सगळ्या शब्दांचे संभाव्य अर्थ काढतं आणि कोणाचे वर्ग एकमेकांशी जुळतात ते पाहतं. पुढे 'लूव्र' आलं, 'सीन' आली, एखादा फ्रेंच चित्रकार आला, की राजधानीचं पारडं जड होतं. चुकून ऐकलेली 'केळी' आणि 'टेनिस' मात्र एकेकटीच राहतात, त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला कुणी येत नाही. चुका विखुरतात, खरे शब्द एकमेकांना धरून राहतात.

त्यानंतरची सूची पुस्तकातल्यासारखीच असते, फक्त पानाच्या जागी कार्यक्रम क्रमांक आणि सेकंद येतो. 'मान्सून' या शब्दापुढे लिहिलेलं असतं, 4127व्या कार्यक्रमात 612वा सेकंद, 9030व्यात 45वा. तुम्ही 'मान्सून' आणि 'भात' असं विचारलं, की यंत्र कार्यक्रम उघडतच नाही. दोन याद्या शेजारी ठेवतं आणि दोन्हींत असलेले क्रमांक उचलतं. त्यांतला वरचा कोणता, हे ठरवताना दुर्मीळ शब्दाला जास्त वजन मिळतं. ही कल्पना केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 साली मांडली. जो शब्द प्रत्येक कार्यक्रमात येतो, तो कुठलाच कार्यक्रम ओळखायला मदत करत नाही.

अशी सूची मराठी कार्यक्रमांसाठी करायची तर आणखी एक पायरी लागेल, आणि ती मला फार गोड वाटते. निवेदक 'पुणे' क्वचितच म्हणतो. तो 'पुण्यात', 'पुण्याहून', 'पुणेकरांनी' म्हणतो. ही सगळी रूपं एकाच नोंदीखाली आणायला यंत्राला प्रत्ययांबरोबर सामान्यरूपही उलगडावं लागेल. नाहीतर 'पाणी' शोधणाऱ्याला 'पाण्याचा' प्रश्न सापडायचाच नाही.

कोशात नसलेलं नाव मात्र यंत्राला कधीच मिळत नाही, तिथं माणूस हवा. म्हणून बीबीसीनं हा संग्रह श्रोत्यांपुढे ठेवला आणि लावलेले विषय तपासायला सांगितलं. विषय बरोबर असेल तर होकार द्यायचा, नसेल तर नकार, आणि सुटलेला असेल तर आपण जोडायचा. आवाजांचंही तसंच. कोण बोलतंय हे यंत्राला ठाऊक नसतं, पण या दोन ध्वनिमुद्रणांतला आवाज एकाच गळ्यातला, एवढं त्याला कळतं. त्यामुळे कुणा श्रोत्यानं एका कार्यक्रमात आवाज ओळखून नाव लिहिलं, की त्याच आवाजाच्या, वर्षानुवर्षं निनावी पडून राहिलेल्या इतर कार्यक्रमांवरही ते नाव उमटत जायचं.