नाइट कुणाच्या वाट्याला किती?

रुग्णालयाच्या वॉर्डात नवी ड्युटी लिस्ट लागली की प्रत्येक सिस्टर आधी स्वतःच्या नावापुढची ओळ वाचते. नाइट किती लागल्या, ऑफ कोणत्या वारी आला, सणाच्या दिवशी आपण कुठे आहोत, एवढं पाहून झालं की मग शेजारची ओळ. तक्रारीही ठरलेल्या असतात. ‘शनिवारची नाइट नेहमी मलाच लागते.’ ‘गेल्या वर्षीही भाऊबीजेला मीच होते.’ लिस्ट लावणाऱ्या इन्चार्ज सिस्टरचं उत्तरही ठरलेलं असतं: ‘मी सगळ्यांना सारखंच लावते.’

दोघीही मनापासून बोलत असतात. स्वतः जागून काढलेली रात्र आठवणीत राहते, दुसरीने काढलेली राहत नाही. त्यामुळे वाद आठवणीवर सोडला तर तो मिटत नाही. तो मिटवायचा साधा मार्ग म्हणजे मोजणं. सहा महिन्यांत प्रत्येकीने किती नाइट, किती रविवार आणि किती सण ड्युटीवर काढले, ते मांडायचं. हिशोब बेरीज-भागाकाराचाच आहे. पण तो नीट मांडला नाही तर न्याय्य लिस्ट अन्यायाची दिसते आणि अन्याय झाकला जातो.

एक वॉर्ड उदाहरणादाखल घेऊ. इन्चार्ज सोडून दहा सिस्टर. रोज सकाळी दोन, दुपारी दोन आणि रात्री दोन. नाइट रात्री आठ ते सकाळी आठ. काळ जुलै ते डिसेंबर 2025, म्हणजे 184 दिवस. रोज दोन नाइट, म्हणून एकूण 368. हा आकडा कुणाच्याही मर्जीने बदलत नाही. एकीची नाइट कमी झाली की ती दुसऱ्या कुणाच्या तरी ओळीत जाऊन बसतेच, आणि ती कुठे जाऊन बसली हे शोधणं हाच या मोजणीचा खरा उपयोग आहे.

मोजण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली, आकडे कुठून घ्यायचे? भिंतीवर लागलेली लिस्ट हा फक्त बेत असतो. नंतर कुणी आजारी पडतं, कुणी आपसात ड्युटी बदलून घेतं, कुणाला घरून बोलावलं जातं. थकवा मोजायचा तर प्रत्यक्ष हजेरीच धरली पाहिजे. पण लिस्ट लावणारीचा कल पाहायचा असेल तर मूळ लिस्टही हवी. म्हणून दोन रकाने ठेवावेत: लावलेल्या नाइट आणि केलेल्या नाइट. आणि ज्या नाइट कुणी आपणहून मागून घेतल्या, त्यांवर खूण करावी. दिवसा मुलांची शाळा सांभाळायची म्हणून नाइट मागणारी सिस्टर आणि नाही म्हणता येत नाही म्हणून नाइट करणारी सिस्टर, या दोघींचा आकडा एकच असला तरी त्याचा अर्थ निराळा असतो.

दुसरी गोष्ट, रविवार कशाला म्हणायचं? शनिवारी रात्री आठला आलेली सिस्टर रविवारी सकाळी घरी पोचते आणि दुपारपर्यंत झोपते. लिस्टवर ती ड्युटी शनिवारची असते, पण गेलेला असतो तिचा रविवार. शनिवारची नाइट रविवारच्या हिशोबात धरली नाही, तर जिच्या वाट्याला शनिवारच्या नाइट जास्त येतात तिची तक्रार कागदावर कधीच उमटत नाही. सणांचंही तसंच. लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं. त्या दिवशी सकाळची ड्युटी केलेली सिस्टर संध्याकाळी पूजेला घरी होती, दुपारची ड्युटी करणारी नव्हती. भाऊबीजेला मात्र कुठलीही ड्युटी लागली तरी बहिणीचं भावाकडे जाणं अडतंच. हे नियम सगळ्यांना विचारून, मोजणी सुरू करण्याआधी ठरवायचे. आकडे समोर आल्यावर नियम ठरवायला बसलं की प्रत्येकजण स्वतःला सोयीचा नियम सुचवतो.

आता हिशोब. मोजायला फार यातायात लागत नाही. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येकीची एक ओळ, प्रत्येक दिवसाचा एक रकाना आणि नाइटसाठी N हे अक्षर ठेवलं, तर 184 दिवसांच्या नाइट एवढ्या सूत्राने मिळतात:

```
=COUNTIF(C2:GD2,"N")
```

आपल्या वॉर्डात समजा आकडे असे आले: 38, 41, 36, 40, 39, 47, 39, 40, 30 आणि 18. पहिल्या नजरेला शेवटची सिस्टर सगळ्यांत लाडकी वाटते. 368 ला दहाने भागलं तर प्रत्येकीचा वाटा जवळपास 37 येतो आणि हिने निम्म्याच केल्या. पण ती रुजू झाली 1 ऑक्टोबरला. म्हणून वाटा सरसकट सरासरीने काढायचा नसतो, दिवसागणिक काढायचा असतो. पहिल्या 92 दिवसांतल्या 184 नाइट नऊजणींत वाटल्या गेल्या, प्रत्येकी सुमारे 20. पुढच्या 92 दिवसांतल्या 184 नाइट दहाजणींत, प्रत्येकी 18 च्या थोड्या वर. म्हणजे जुन्या सिस्टरचा वाटा साधारण 39 आणि नवीचा 18. तिने 18 च केल्या आहेत. लांब रजेवर असलेलीचा हिशोबही असाच करायचा: ती ज्या दिवशी नव्हतीच, त्या दिवसाचा वाटा तिच्या नावावर चढत नाही.

राहिल्या दोन ओळी, 30 आणि 47. तीस नाइट केलेली सिस्टर गरोदर आहे आणि 10 नोव्हेंबरपासून तिला नाइट लावायच्या नाहीत असं ठरलं. हे योग्यच आहे, त्यावर कुणाची हरकत असू नये. पण त्या 52 दिवसांत तिच्या वाट्याच्या दहा-एक नाइट कुणीतरी केल्याच. त्या उरलेल्या नऊजणींत वाटल्या असत्या तर प्रत्येकीला एकेकच जास्त आली असती. म्हणजे आधीपासूनच्या सिस्टरचा वाटा 39 वरून 40 झाला असता आणि गरोदर सिस्टरचा 28 च्या आसपास उतरला असता. तिने 30 केल्या, म्हणजे तिच्यावर मेहेरबानी झालेली नाही. मग वॉर्डातला भार गेला कुठे? 47 च्या ओळीत. ही सिस्टर अविवाहित आहे आणि हॉस्टेलवर राहते. ‘तुझं काय, हॉस्टेल तर समोरच आहे,’ असं म्हणून ऐन वेळची प्रत्येक नाइट तिच्याकडे गेली. तिच्या सात जादा आहेत, तर 36 आणि 38 वाल्यांच्या मिळून सहा कमी. कुणी ठरवून केलेलं नाही हे. पण जिला नकार देता येत नाही तिच्यावर भार घसरत जातो, आणि सवलत मिळालेल्या गरोदर बाईकडे मात्र सगळ्या वॉर्डाची बोटं वळतात. मला या मोजणीचं मोल वाटतं ते इथे. तिने निर्दोष बाईवरचा आळ दूर केला आणि गप्प राहणारीचं ओझं दाखवलं.

सात नाइटचा फरक योगायोगाने पडला असेल का? शंका रास्त आहे. नाइट एकेकट्या लागत नाहीत, सलग लागतात. समजा सहा-सहाच्या पाळीने लागत असतील, तर 31 डिसेंबरला एकीची पाळी नुकतीच संपलेली असेल आणि दुसरीची उद्यापासून सुरू होणार असेल. तेवढ्याने सहाचा फरक दिसतो आणि तो अन्याय नसतो. म्हणूनच एका महिन्याच्या लिस्टवरून भांडण्यात अर्थ नाही. महिन्याला वाटा येतो सहाचा, त्यात कुणाला शून्य आणि कुणाला बारा दिसणं अगदी शक्य आहे. खरी ओळख पटते ती दर महिन्याअखेर फरक लिहून ठेवला की. पाळीमुळे पडलेला फरक खाली-वर होतो: एका महिन्यात चार जादा, पुढच्या महिन्यात दोन कमी. पण हॉस्टेलवरच्या सिस्टरचा फरक एक, दोन, दोन, चार, पाच, सात असा चढतच गेला असेल, तर कारण लिस्ट लावण्याच्या सवयीत आहे.

सणांचा हिशोब जास्त नाजूक. या सहा महिन्यांत वॉर्डाने आठ दिवस मोठे धरले: 15 ऑगस्ट, गणेश चतुर्थी, 2 ऑक्टोबरला एकत्र आलेले दसरा आणि गांधी जयंती, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, गुरुनानक जयंती आणि नाताळ. रोजच्या सहा ड्युट्या म्हणजे एकूण 48, आणि आधीपासूनच्या सिस्टरचा वाटा जवळपास पाच. पण दोघींचे पाच-पाच भरले तरी बरोबरी झाली असं होत नाही. एकीच्या पाचांत दिवाळीचे तिन्ही दिवस असतील आणि दुसरीच्या पाचांत एकही नसेल, तर पहिली रागावणारच. म्हणून दिवाळीचे तीन दिवस वेगळ्या रकान्यात मोजावेत आणि शेजारी गेल्या वर्षीचा आकडा लिहावा. ख्रिस्ती सिस्टर दिवाळीत आपणहून उभी राहते आणि नाताळला घरी असते, ही अदलाबदल अनेक वॉर्डांत आपसातच ठरते. ती मागून घेतलेली ड्युटी म्हणून नोंदली म्हणजे तिच्या दिवाळीच्या आकड्याचा चुकीचा अर्थ निघत नाही. सणांसाठी सहा महिने अपुरेही पडतात. जुलै ते डिसेंबरमध्ये गणपती ते नाताळ सगळे दाटलेले, तर 2025 मधल्या दोन्ही ईद जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होऊन गेलेल्या. नाइट सहा महिन्यांवर मोजता येतात, सण वर्षावरच मोजावेत.

तरी बेरजेला न दिसणारं बरंच असतं. चाळीस नाइट सलग पाळ्यांत, मागे दोन ऑफ घेऊन केल्या तर शरीर सावरतं. त्याच चाळीस सुट्या-सुट्या, मध्ये सकाळची ड्युटी घालून केल्या तर झोपेची घडीच बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये रात्रपाळीला कर्करोगाचं संभाव्य कारण मानलं आहे, तेव्हा हा प्रश्न नुसत्या गैरसोयीचा राहत नाही. बेरजेबरोबर एवढं तरी पाहावं: नाइट संपल्यावर ऑफ न देता लगेच दुसरी ड्युटी किती वेळा लावली?

आणि जमलेला फरक फेडायचा कसा? एका महिन्यात नाही. हॉस्टेलवरच्या सिस्टरच्या सात नाइट जानेवारीत एकदम कमी केल्या, तर वाट्याच्या सहा असताना तिला नाइट उरणारच नाहीत आणि तो भार दुसऱ्या कुणावर कोसळेल. दर महिन्याला दोन कमी धरल्या तर एप्रिलपर्यंत हिशोब सरळ होतो. त्यासाठी डिसेंबरअखेरचा फरक जानेवारीच्या कागदावर सुरुवातीची बाकी म्हणून लिहावा लागतो. नव्याने येणाऱ्या सिस्टरची बाकी शून्य धरायची, तिच्या येण्याआधीचं देणं तिच्या माथी मारायचं नाही. आणि जादा बाकी असलेली सिस्टर बदली होऊन चालली असेल, तर तिच्या शेवटच्या महिन्याच्या लिस्टमध्येच नाइट कमी लावाव्यात, कारण नव्या वॉर्डात हा कागद तिच्याबरोबर जात नाही.