सलग वायदा आलेख

सलग वायदा आलेख म्हणजे एकाच वस्तूच्या, परंतु वेगवेगळ्या महिन्यांत मुदत संपणाऱ्या वायदा करारांचे भाव एकापुढे एक जोडून तयार केलेला दीर्घ मुदतीचा आलेख होय. कच्चे तेल, नैसर्गिक वायू, सोने, कापूस इत्यादी वस्तूंचा प्रत्येक वायदा करार ठरावीक दिवशी संपतो. त्यामुळे अनेक वर्षांचा भावप्रवाह एका करारात सापडत नाही आणि तो अनेक करारांच्या तुकड्यांतून जुळवावा लागतो. एका करारातून पुढील करारात जाण्याच्या क्रियेस रोलओव्हर म्हणतात. त्या दिवशी दोन करारांच्या भावांत जो फरक असतो, तो आलेखावर खिंडीच्या रूपाने दिसतो. ही खिंड बाजारातील खरी हालचाल नसते. तरीही भावांवरून काढले जाणारे तांत्रिक निर्देशक तिला खरी हालचाल समजून मोजतात.

खिंड का पडते

एकाच वस्तूच्या दोन महिन्यांच्या करारांचे भाव सहसा सारखे नसतात. माल पुढील महिन्यापर्यंत साठवायचा तर गोदामाचे भाडे, विमा आणि अडकलेल्या भांडवलाचे व्याज द्यावे लागते. हा खर्च धरून पुढील महिन्याचा भाव जवळच्या महिन्याहून चढा असतो, तेव्हा त्या स्थितीस कॉन्टँगो म्हणतात. मालाची तत्काळ टंचाई असेल तर जवळच्या महिन्याचा भाव चढा राहतो. या उलट स्थितीस बॅकवर्डेशन म्हणतात. कॉन्टँगोमध्ये रोलओव्हरची खिंड वरच्या दिशेने, तर बॅकवर्डेशनमध्ये खालच्या दिशेने पडते. तीच स्थिती बरेच महिने टिकली, तर प्रत्येक रोलओव्हरला खिंड एकाच दिशेने पडत जाते आणि आलेखावर खोटा कल उभा राहतो.

निर्देशकांवरील परिणाम

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. कच्च्या तेलाचा संपत आलेला करार एका दिवशी ६० डॉलरवर बंद झाला आणि त्याच दिवशी पुढील महिन्याचा करार ६३ डॉलरवर बंद झाला, असे मानू. दुसऱ्या दिवसापासून आलेख पुढील करारावर गेला आणि तो करार पुन्हा ६३ डॉलरवरच बंद झाला. ज्याने जुना करार ६० ला विकून नवा ६३ ला घेतला, त्यास या दिवशी नफा किंवा तोटा काहीच झाला नाही. आलेखावर मात्र ३ डॉलरची, म्हणजे ५ टक्क्यांची तेजी दिसते.

दहा दिवसांच्या साध्या चल सरासरीत ही तेजी हळूहळू मुरते. पहिल्या दिवशी सरासरी ०.३० डॉलरने फुगते, दुसऱ्या दिवशी ०.६० ने, आणि दहाव्या दिवशी सर्व भाव नव्या कराराचे झाल्यावर पूर्ण ३ डॉलरने. या काळात लहान आणि मोठ्या मुदतीच्या सरासऱ्या एकमेकींना छेदल्या, तर तो खरेदीचा इशारा कराराच्या अदलाबदलीतून आलेला असू शकतो.

जे. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली मांडलेल्या सरासरी खऱ्या पल्ल्यात (एटीआर) आदल्या दिवशीच्या बंद भावापासूनची खिंडही मोजली जाते. दिवसाचा नेहमीचा पल्ला १.४० डॉलर असेल आणि त्या दिवशी नव्या कराराचा उच्चांक ६३.७० असेल, तर ६० या जुन्या बंद भावापासून खरा पल्ला ३.७० भरतो. चौदा दिवसांची सरासरी त्यामुळे १.४० वरून सुमारे १.५६ होते. अस्थिरता न वाढताही ती वाढलेली दिसते आणि तिच्या पटीत ठेवलेला स्टॉप-लॉस विनाकारण दूर जातो.

वाइल्डर यांच्याच सापेक्ष बल निर्देशांकात (आरएसआय) हे ३ डॉलर वाढीच्या बाजूस जमा होतात. चौदा दिवसांची सरासरी वाढ आणि सरासरी घट दोन्ही ०.५० असल्यास निर्देशांक ५० असतो. या एका दिवसामुळे तो सुमारे ५९ वर जातो.

एप्रिल २०२० मधील कच्चे तेल

२० एप्रिल २०२० रोजी न्यू यॉर्क मर्कंटाइल एक्स्चेंजवर (नायमेक्स) डब्ल्यूटीआय कच्च्या तेलाचा मे महिन्याचा करार उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. या कराराचा माल ओक्लाहोमा राज्यातील कुशिंग येथे ताब्यात घ्यावा लागतो आणि तेथील साठवणूक जवळजवळ अनुपलब्ध झाली होती. त्याच दिवशी जूनचा करार २०.४३ डॉलरवर बंद झाला. दोन करारांतील फरक ५८.०६ डॉलर होता. दुसऱ्या दिवशी जूनचा करार ११.५७ डॉलरपर्यंत घसरला.

२० तारखेच्या बंद भावानंतर जूनवर जाणारा असमायोजित आलेख उणे ३७.६३ वरून ११.५७ पर्यंत, म्हणजे ४९.२० डॉलरची वाढ दाखवतो. प्रत्यक्षात जूनचा करार धारण करणाऱ्यास त्या दिवशी बॅरलमागे ८.८६ डॉलर, म्हणजेच १,००० बॅरलच्या एका करारामागे ८,८६० डॉलर तोटा झाला. या ठिकाणी खिंडीने हालचालीची दिशाच उलटवली.

मुंबईच्या मल्टी कमॉडिटी एक्स्चेंजवरील कच्च्या तेलाचा एप्रिल करारही नायमेक्सच्या भावाशी जोडलेला असल्याने बॅरलमागे उणे २,८८४ रुपयांवर निकाली काढण्यात आला.

समायोजनाच्या पद्धती

फरक-समायोजनात रोलओव्हरच्या दिवसाचा फरक मागील सर्व भावांत मिळवला किंवा वजा केला जातो. वरील उदाहरणात जुन्या कराराच्या प्रत्येक भावात ३ मिळवले की ६० चे ६३ होतात आणि खिंड नाहीशी होते. डॉलरमधील रोजचा चढउतार जसाच्या तसा राहतो, म्हणून एटीआर आणि आरएसआय योग्य येतात. मात्र टक्केवारी बिघडते. ५० वरून ५५ पर्यंतची १० टक्के वाढ ५३ वरून ५८ अशी, म्हणजे सुमारे ९.४ टक्के दिसते. दीर्घकाळ बॅकवर्डेशन असल्यास फार जुने भाव शून्याखालीही जाऊ शकतात.

गुणोत्तर-समायोजनात मागील भावांना दोन्ही भावांच्या गुणोत्तराने, येथे ६३ ÷ ६० = १.०५ ने, गुणले जाते. यात टक्केवारी टिकते, परंतु ५ डॉलरची वाढ ५.२५ डॉलरची होते. भाव ऋण असल्यास ही पद्धत निरुपयोगी ठरते. २० एप्रिलचे गुणोत्तर ऋण येते आणि त्याने गुणल्यास मागील सर्व भावांची चिन्हे उलटतात.

मुदतीच्या शेवटच्या दिवसाऐवजी व्यवहारांची संख्या किंवा खुले करार पुढील महिन्यात जास्त होतील त्या दिवशी रोलओव्हर करणे, हा तिसरा उपाय आहे. त्याने शेवटच्या दिवसांतील विस्कळीत भाव टळतात, परंतु दोन महिन्यांतील फरक शिल्लक राहतोच.

ओळख आणि मर्यादा

संशयास्पद खिंड रोलओव्हरच्या तारखेस पडली आहे का, हे प्रथम पाहिले जाते. त्यानंतर नव्या कराराचा स्वतंत्र आलेख उघडला जातो. तेथे त्या दिवशी खिंड नसेल, तर ती जोडणीतून आलेली असते. ट्रेडिंगव्ह्यू या संकेतस्थळावर `CL1!` हे डब्ल्यूटीआयच्या जवळच्या कराराचे सलग चिन्ह आहे. तेथे `B-ADJ` हा पर्याय चालू-बंद करून समायोजित आणि असमायोजित आलेखांची तुलना करता येते.

समायोजित आलेखावरील जुना भाव त्या दिवशी बाजारात झालेला भाव नसतो. त्यामुळे ऐतिहासिक उच्चांक, आधार किंवा अडथळ्याची पातळी पाहण्यासाठी असमायोजित भाव, तर नफा-तोटा आणि निर्देशक मोजण्यासाठी समायोजित भाव वापरले जातात. शिवाय प्रत्येक नव्या रोलओव्हरनंतर मागील सर्व समायोजित आकडे पुन्हा बदलतात. म्हणून एकाच दिवसाचा भाव दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या आलेखांत वेगळा दिसू शकतो.