निविदेसोबतचं पत्र

महावितरण, एसटी महामंडळ किंवा रेल्वेच्या भांडार विभागाची निविदा भरताना लघुउद्योजक दर काढण्यासाठी रात्री जागवतात आणि सोबतचं अग्रेषण पत्र शेवटच्या तासात उरकतात. मग त्यात कारखान्याचा इतिहास येतो, दर्जाची ग्वाही येते, 'एकदा सेवेची संधी द्यावी' हेही येतं. खरेदी विभागाला यातलं काहीच नको असतं. पत्र योग्य फाइलला लागावं आणि निविदेच्या अटींना त्याने कुठे धक्का लावू नये, एवढंच त्याचं काम.

समजा, सातपूरचा एक कारखानदार महावितरणला रोहित्रांच्या वितरण पेट्या पुरवण्यासाठी निविदा भरतो आहे. त्याच्या पत्राची सुरुवात साधारण अशी हवी :

प्रति,
मा. मुख्य अभियंता (सामग्री व्यवस्थापन),
महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी मर्यादित, मुंबई.

विषय : वितरण पेट्यांच्या पुरवठ्याची निविदा – तांत्रिक लिफाफा सादर करणेबाबत.

संदर्भ : १) निविदा सूचना क्र. १२, दि. ३ जून
२) शुद्धिपत्रक क्र. १, दि. १७ जून

महोदय,

पत्र पदाला लिहायचं, व्यक्तीला नाही. साहेबांची बदली झाली की नावाने आलेलं पत्र टेबलावर पडून राहण्याची भीती असते. पदाच्या नावाचं पत्र खुर्चीवर जो असेल त्याच्यापुढे जातं. पदनाम मात्र निविदा सूचनेत छापलंय तसंच उतरवायचं. अधिकारी स्त्री आहे हे ठाऊक असेल तर 'महोदया', ठाऊक नसेल तर 'महोदय/महोदया'. 'स.न.वि.वि.' घरगुती पत्रात शोभतं, इथे नाही. शेवटी 'आपला आज्ञाधारक' लिहिण्याची सवय अजून काहींना आहे. पुरवठादार कुणाचा ताबेदार नसतो, 'आपला विश्वासू' पुरेसं आहे. त्याखाली सही, शिक्का, पूर्ण नाव आणि मालक, भागीदार की अधिकृत स्वाक्षरीकर्ता हे स्पष्ट हवं. सही तिसऱ्याच माणसाची असेल तर अधिकारपत्र जोडावं लागतं.

खरेदीदाराचं नाव संक्षेपात लिहू नये. बोलण्यात 'महावितरण' चालतं, पण बँक हमीवर निविदेत दिलेलं पूर्ण नाव नसेल तर ती परत येऊ शकते. सरकारी खात्याची गोष्ट आणखी वेगळी. संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे केंद्राचे करार राष्ट्रपतींच्या आणि राज्याचे राज्यपालांच्या नावाने होतात. म्हणून सार्वजनिक बांधकाम विभागाला पत्र लिहिताना ते कार्यकारी अभियंत्यांना लिहायचं, पण करारात नाव राज्यपालांचं दिसलं तर दचकायचं नाही. महावितरण ही कंपनी आहे, तिचा करार तिच्याच नावाने होतो.

आता संदर्भातली दुसरी ओळ पाहा. निविदा निघाल्यावर शुद्धिपत्रकाने पेटीच्या पत्र्याची जाडी बदललेली असू शकते. पत्रात फक्त मूळ सूचनेचा क्रमांक असेल तर छाननी करणाऱ्याला रास्त शंका येते : याने बदल वाचला आहे का? शुद्धिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख दिली, मजकुरात 'वरील बदल विचारात घेऊन' असे चार शब्द घातले, की ती शंका मिटते.

सगळ्यात महाग पडणारी चूक वेगळीच असते. आपल्या लेटरहेडच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं असतं : 'दर ३० दिवसांपुरते वैध', 'निम्मी रक्कम आगाऊ', 'वाद नाशिक न्यायालयाच्या अधीन'. किरकोळ गिऱ्हाइकासाठी छापलेल्या या ओळी निविदेसोबत गेल्या की त्या अटी ठरतात. पत्र हा प्रस्तावाचाच भाग आहे. निविदेने दर १२० दिवस वैध मागितला असेल आणि पत्र ३० म्हणत असेल, तर तो सशर्त देकार धरला जातो आणि बाद होऊ शकतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७ प्रमाणे स्वीकृती बिनशर्त लागते. तुमच्या अटी बाजूला सारून देकार स्वीकारणं खरेदीदारालाही शक्य नसतं. त्यामुळे निविदेसाठी कोरं लेटरहेड वेगळं छापून घ्यावं. खरोखरच एखादी अट मान्य नसेल तर ती निविदापूर्व बैठकीत विचारावी, पत्रात घुसवू नये.

तांत्रिक लिफाफ्यातल्या पत्रात दराचा उल्लेखही नको, 'आमचा दर रास्त आहे' इतकासुद्धा नको. आकडा चुकून आला तर दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत देकार तिथेच संपतो. निविदेत अनामत रकमेतून सूट असेल आणि ती हवी असेल तर उद्यम नोंदणी क्रमांक मजकुरात लिहून प्रमाणपत्र 'सोबत' या यादीत पान क्रमांकासह दाखवावं.

देकार संकेतस्थळावर चढवला तरी काही निविदांत बँक हमीची मूळ प्रत कार्यालयात द्यावी लागते. तेव्हा पत्राची दुसरी प्रत न्यावी आणि आवक-जावक कक्षात तिच्यावर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. पुढच्या प्रत्येक पत्राच्या संदर्भात हाच क्रमांक पहिला लिहायचा असतो.