न्यू जर्सीचं प्रोबेट आणि दादरचा फ्लॅट

वडील न्यू जर्सीत चाळीस वर्षं राहिले, तिथेच वारले. मृत्युपत्र तिथल्या सरोगेट कोर्टात सिद्ध झालं, मुलाला शिक्क्याचं प्रोबेट मिळालं. आता दादरचा फ्लॅट नावावर करायला तो तेच प्रोबेट घेऊन सोसायटीत येतो आणि सेक्रेटरी म्हणतात, ‘इथल्या कोर्टाचा कागद आणा.’ सेक्रेटरींचं चुकत नाही. परदेशी प्रोबेटचा अधिकार त्या देशापुरता असतो, भारतातल्या मालमत्तेवर तो आपोआप चालत नाही.

म्हणून सगळं पहिल्यापासून सिद्ध करावं लागतं असं मात्र नाही. 1925च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम 228 नेमकं अशांसाठीच आहे. परक्या सक्षम कोर्टात मृत्युपत्र सिद्ध होऊन जमा झालं असेल, तर त्याची रीतसर प्रमाणित प्रत जोडून इथे ‘लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ मागता येतात. मूळ मृत्युपत्र तिकडेच राहतं. मुलाला येणं जमत नसेल, तर मुखत्यारपत्र देऊन इथल्या नातेवाइकामार्फतही अर्ज करता येतो. मुंबईत अर्ज उच्च न्यायालयात जातो, आणि तिथला आदेश देशभर चालतो. म्हणजे पुण्याच्या बँकेतल्या ठेवींसाठी वेगळी धावपळ नको.

अडतं ते बहुधा प्रतीपाशी. नोटरीचा शिक्का मारलेली झेरॉक्स पुरत नाही. मृत्युपत्र आणि प्रोबेट या दोन्हींची त्या कोर्टाने दिलेली प्रमाणित प्रत हवी, तिच्यावर अ‍ॅपोस्टील हवं. हे तिकडे असतानाच करून घ्यावं. शिवाय एखाद्या नातेवाइकाने कॅव्हेट दाखल करून हरकत घेतली, तर साध्या अर्जाचा दावा होतो आणि वर्षं जातात.

मुंबईतल्या स्थावरासाठी हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं करणारं कलम 213 डिसेंबर 2025मध्ये कायद्यातून वगळलं गेलं. तरी वारसांत वाद असेल, किंवा बँक अडून बसली, तर कोर्टाचा आदेशच कामाला येतो.

खरी मेख साक्षीदारांत आहे. न्यू जर्सीत स्वतःच्या हाताने लिहून सही केलेलं मृत्युपत्र साक्षीदारांशिवायही ग्राह्य धरलं जाऊ शकतं. आपल्याकडे कलम 63 दोन साक्षीदारांच्या सह्या मागतं, आणि जमीन-घराला ती वास्तू जिथे आहे तिथलाच कायदा लागतो. त्यामुळे तिकडे सिद्ध झालेलं हस्तलिखित दादरच्या फ्लॅटपुरतं निरुपयोगी ठरतं. मग वडिलांनी मृत्युपत्र केलंच नव्हतं असं धरून हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वाटणी होते. फ्लॅट मुलालाच द्यायचा असं त्यांनी स्वच्छ लिहिलेलं असलं तरी पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा मिळतो. न्यू जर्सीतलं खातं मात्र त्याच कागदाप्रमाणे मुलाकडे जातं.