ड्राय ब्लॉकमध्ये पास, ओव्हनमध्ये नापास

वणीतल्या फॅब्रिकेशनवाल्याचा माल सातपूर-अंबडला पावडर कोटिंगला जावो की गावातच भाजला जावो, ओव्हन साधारण २०० अंशांवर चालतो. त्यात कोणता सेन्सर बसवायचा, याबद्दल काही समज पक्के झाले आहेत.

गैरसमज: भट्टी म्हटली की थर्मोकपलच हवा.

हजार अंशांच्या भट्टीत हे खरं आहे. २०० अंशांवर मात्र पीटी-१०० आरटीडी जास्त अचूक ठरतो. या तापमानाला बी वर्गाच्या आरटीडीची मुभा ±१.३ अंश असते, तर सर्वसाधारण के-टाइप थर्मोकपलची ±२.५. आरटीडी तीन वायरींचाच घ्यावा. दोन वायरींच्या जोडणीत वायरींचा एकूण रोध १ ओहम असला, तरी आकडा सुमारे अडीच अंश जास्त दिसतो. जिथे ट्रॉली आदळते, हादरे बसतात, तिथे मी थर्मोकपलच निवडेन, कारण तो दणकट आणि स्वस्त असतो.

गैरसमज: थर्मोकपलला कोणतीही वायर चालते.

सर्वांत जास्त नुकसान यानेच होतं. थर्मोकपल दोन टोकांच्या तापमानातला फरक मोजतो आणि थंड टोकाचं तापमान कंट्रोलर आपल्या टर्मिनलपाशी मोजून त्यात मिळवतो. समजा, ओव्हनच्या भिंतीवरचं सेन्सरचं हेड ६० अंशांवर आहे, पॅनेल ३५ वर आणि मध्ये साधी तांब्याची वायर. मग हेडपासून पॅनेलपर्यंतचे २५ अंश मोजलेच जात नाहीत. कंट्रोलर २०० दाखवतो, आत सुमारे २२५ असतात आणि पांढरी पावडर पिवळट पडते. इथे के-टाइपचीच कॉम्पेन्सेटिंग वायर लागते, तीही प्लस-मायनस नीट पाहून.

गैरसमज: ड्राय ब्लॉकमध्ये आकडा जुळला म्हणजे ओव्हन बरोबर.

आधी ड्राय ब्लॉकच नीट वापरायला हवा. ब्लॉकच्या स्वतःच्या डिस्प्लेवर विसंबू नका, शेजारच्या भोकात प्रमाणपत्र असलेला मास्टर सेन्सर ठेवा. दोन्ही सेन्सर सारख्याच खोलीवर, शक्यतो तळापर्यंत जावेत आणि भोकात सैल नसावेत. ६ मिलिमीटर जाडीच्या सेन्सरला निदान १०० मिलिमीटर तरी आत जाऊ द्या, नाहीतर दांड्यातून उष्णता निसटते आणि आकडा कमी दिसतो. भोकात तेल ओतू नका. १५०, १८०, २०० आणि २२० अंशांवर आकडे स्थिर झाल्यावरच नोंद करा. मास्टर २००.१ आणि कंट्रोलर १९७.२ दाखवत असेल, तर दुरुस्ती +२.९. चारही ठिकाणी ती जवळपास सारखीच आली, तरच कंट्रोलरमध्ये ऑफसेट टाका.

एवढं करूनही वर सांगितलेली तांब्याच्या वायरीची चूक इथे पकडली जात नाही. सेन्सर ओव्हनमधून काढला की त्याचं हेड खोलीच्या तापमानाला येतं, हेड आणि पॅनेल यांच्यातला फरक उरत नाही आणि आकडा जुळतो. म्हणून सेन्सर परत बसवल्यावर ओव्हन तापवून त्याच्या टोकाशेजारी मास्टर सेन्सर सोडा. हेड पुरतं तापेपर्यंत थांबा, मगच दोन्ही आकडे ताडून पाहा.