एक नफा, दोन हिशेब

समजा, एका कारखान्याने 15 लाखांचे यंत्र घेतले. कंपनी कायद्यानुसार ते 15 वर्षे चालणार, म्हणून वह्यांत घसारा दरवर्षी 1 लाख. प्राप्तिकरात मात्र उरलेल्या किमतीवर 15 टक्के, म्हणजे पहिल्याच वर्षी सव्वादोन लाख.

घसाऱ्यापूर्वीचा नफा 10 लाख असेल, तर वह्यांतला नफा 9 लाख आणि करपात्र नफा पावणेआठ लाख. अधिभार-उपकर सोडून 25 टक्के दर धरला, तर प्रत्यक्ष कर 1,93,750 रुपये. वह्यांतल्या नफ्यावर तो 2,25,000 व्हायला हवा. मधले 31,250 रुपये माफ झालेले नाहीत, पुढे ढकलले गेले आहेत. म्हणून ताळेबंदात ते देणे म्हणून दिसतात. हाच डिफर्ड टॅक्स.

सहाव्या वर्षापासून प्राप्तिकरातला घसारा लाखाच्या खाली येतो, कर वह्यांपेक्षा जास्त भरावा लागतो आणि ते देणे हळूहळू फिटते.

दंडाची रक्कम मात्र करातून कधीच वजा होत नाही. तो फरक कायमचा, त्यावर डिफर्ड टॅक्स नाही.

दर बदलला की जुना आकडाही बदलतो. सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांना 22 टक्क्यांचा पर्याय मिळाला. तो निवडणाऱ्यांचे असे देणे घटले, पण पूर्वीच्या तोट्यांवर भविष्यातली करबचत मांडून ठेवलेल्यांना ती कमी करून नफ्यातून वळती करावी लागली.